‘निगेटिव्ह’च्या आत किती उरतं?

ल्युकेमियाच्या इतिहासात ‘आता आजार दिसत नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी अनेकदा उच्चारलंय. त्यातल्या ‘दिसत नाही’चा अर्थ मात्र दर पिढीत बदलत गेला. आज हेच वाक्य ‘एमआरडी निगेटिव्ह’ या दोन शब्दांत रिपोर्टवर येतं. एमआरडी म्हणजे उपचारानंतर शरीरात उरलेला, साध्या सूक्ष्मदर्शकाला न सापडणारा आजार.

सुरुवात १९४८ सालापासून करू. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं अमेरिकेत बनवलेलं हे औषध. अंथरुणाला खिळलेली मुलं हिंडूफिरू लागली, रक्त सुधारलं. काही महिन्यांत आजार उलटला आणि मुलं गेली.

असं का होतं, याचं उत्तर अलाबामातल्या हॉवर्ड स्किपर यांना उंदरांवरच्या प्रयोगांत मिळालं. ल्युकेमियाची एकच जिवंत पेशी टोचली, तरी उंदीर मरू शकतो. शिवाय औषधाचा एक डोस ठरावीक संख्येनं नाही, तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतो. शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या, की पुढचा डोस उरलेल्यांतल्या नव्व्याण्णव टक्के मारणार. म्हणजे आजार दिसेनासा झाल्यावरही डोस देत राहायला हवेत.

याचा हिशेब मांडून बघा. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बोन मॅरोमधल्या ब्लास्ट पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या, की त्याला रेमिशन म्हणतात. मॅरोतल्या एकूण पेशीही ढोबळमानानं एक लाख कोटी धरल्या, तर त्यांचे पाच टक्के म्हणजे पाच हजार कोटी. इतका आजार शिल्लक असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

१९६०च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी हे गांभीर्यानं घेतलं. एकामागून एक औषधं, रेमिशननंतरही सुमारे तीन वर्षं उपचार. मॅरो साफ असलेल्या मुलांमध्येही आजार मेंदूच्या आवरणातून परत येत होता, कारण तिथे औषधं नीट पोचत नाहीत. म्हणून त्यांनी मेंदूला किरणोपचार आणि पाठीच्या मणक्यातून इंजेक्शन सुरू केलं. निम्मी मुलं बरी होऊ लागली. पण कुठल्या निम्म्या, हे आधी सांगता येत नव्हतं.

ते सांगण्यासाठी नजर बारीक करावी लागली. एक वाट फ्लो सायटोमेट्रीची. पेशींना रंगीत अँटिबॉडी चिकटवायच्या, एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची आणि विचित्र खुणा असलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या. दुसरी वाट जनुकांची. बी-पेशी घडताना तिच्या अँटिबॉडीच्या जनुकांचे तुकडे पिसले जातात आणि प्रत्येकीचा जोड वेगळा पडतो. ल्युकेमिया एकाच पेशीपासून वाढत असल्यानं तिच्या वंशजांमध्ये तोच जोड सापडतो. मी सॉफ्टवेअरवाला, मला तो कमिटच्या हॅशसारखा वाटतो. तो ओळखला, की पीसीआरनं दहा हजार निरोगी पेशींत लपलेली एक पेशीही शोधता येते.

१९९८ साली याक व्हान डोंगेन आणि युरोपातल्या सहकाऱ्यांनी २४० मुलांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उपचार सुरू झाल्यावर सुमारे पाच आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी त्यांनी मॅरो तपासला होता. दोन्ही वेळा निगेटिव्ह आलेली ४३ टक्के मुलं होती. त्यांच्यात तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण फक्त दोन टक्के होतं. दोन्ही वेळा जास्त आजार उरलेल्या १५ टक्के मुलांमध्ये तेच प्रमाण ७५ टक्के होतं.

माझ्या मामेबहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट पाचव्या आठवड्यात निगेटिव्ह आला, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले. दुसऱ्या दिवशी मामांनी मला फोन करून विचारलं, “निगेटिव्ह आहे ना? मग लेकराला अजून दोन वर्षं औषधं कशाला?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना तो १९९८चा आकडा पुन्हा वाचून दाखवला. ती दोन टक्के मुलं कोण? निगेटिव्ह आल्यावर घरी गेलेली नव्हेत. निगेटिव्ह आल्यानंतरही ठरलेले उपचार चालू असलेली. अर्ध्यात औषध सोडणाऱ्याला तो आकडा लागू होत नाही.

मामांना मी दहा कोटींचाही हिशेब सांगितला. या तपासणीची नेहमीची मर्यादा ०.०१ टक्का. वरच्या एक लाख कोटींचा ०.०१ टक्का म्हणजे दहा कोटी पेशी. त्याहून कमी उरल्या असतील, तर रिपोर्टला त्या दिसणार नाहीत. एकही नसेल किंवा नऊ कोटी असतील, दोन्हीकडे शब्द एकच: निगेटिव्ह.

आणि ती मर्यादा तरी गाठली का, हे किती पेशी मोजल्या यावर ठरतं. आजार नेमका ०.०१ टक्का आहे असं धरा. पाच लाख पेशी मोजल्या, तर त्यात सरासरी पन्नास सापडतील आणि त्यांचा पुंजका स्क्रीनवर ओळखू येईल. वीस हजारच मोजल्या, तर सरासरी दोन. सातातून एकदा तर एकही नाही. म्हणून रिपोर्टमध्ये मोजलेल्या पेशींचा आकडा आणि संवेदनशीलता लिहिलेली आहे का, ते बघावं. नमुना मॅरोच्या पहिल्या उपशाचा आहे का, हेही विचारावं. नंतरच्या उपशांत रक्त मिसळतं आणि आजार खोटाच कमी दिसतो.

दोन गोष्टी मात्र कितीही पेशी मोजल्या तरी कळत नाहीत. एक पिंकेल यांचीच: कमरेच्या हाडातला नमुना मेंदूच्या आवरणाबद्दल किंवा वृषणाबद्दल काही सांगत नाही. म्हणून निगेटिव्हनंतरही मणक्यातली इंजेक्शनं चालू राहतात. दुसरी, पेशी वेष बदलतात. सीडी१९ ही खूण धरून मारणारे उपचार आता आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवलेली नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी त्यातलीच. अशा उपचारानंतर काही पेशी सीडी१९ टाकून देतात. प्रयोगशाळा त्याच खुणेनं शोधत बसली, तर त्या निसटतात. म्हणून आधी कुठले उपचार झाले, हे तपासणीच्या फॉर्मवर लिहिणं गरजेचं असतं.

मग निगेटिव्हचा उपयोग काय? तो खराच आहे. ब्रिटनच्या यूकेएएलएल २००३ चाचणीत एमआरडी कमी असलेल्या मुलांना तीव्र औषधांचा एक टप्पा कमी दिला. आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. निगेटिव्हनं तिथे उपचार हलके केले, बंद नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या महिन्याअखेर निगेटिव्ह असलेल्या मुलांपैकी ८८ टक्के पाच वर्षांनंतर कुठल्याही गंभीर घटनेशिवाय होती. उरलेली बारा टक्केही निगेटिव्हच होती.

मामांनी हे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “म्हणजे गोळी चुकवायची नाही?” मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत. ज्या मुलांच्या या गोळ्या वारंवार चुकतात, त्यांच्यात आजार जास्त उलटतो, हे मोजून दिसलेलं आहे. आता त्यांनी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्यात. गोळी दिली, की त्या तारखेवर टिक.