नंबरही नवा, फोनही नवा : व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट कशा न्याव्यात?

आमच्या आपांचा जुना अँड्रॉइड फोन थकला होता. मुलाने आयफोन पाठवला आणि त्याच वेळी जुना नंबरही बंद करायचा होता. आपांना काळजी एकच होती. जुन्या फोनमध्ये मरहूम अम्मीच्या आवाजातले मेसेज होते, ते जाता कामा नयेत.

अशा वेळी बरेच लोक नवे सिम नव्या फोनमध्ये टाकून थेट व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतात, आणि समोर सगळे रिकामे दिसते. व्हॉट्सअ‍ॅप माणसाला नंबरवरून ओळखते. नवा नंबर म्हणजे त्याच्या लेखी नवा माणूस. शिवाय अँड्रॉइडचा बॅकअप गुगलच्या खात्यात असतो, तो आयफोनला वाचता येत नाही. म्हणून आधी नंबर, मग फोन, हा क्रम पाळायचा.

पहिले काम जुन्या फोनवरच करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings > Account > Change number इथे जाऊन जुना आणि नवा नंबर टाका. कोड नव्या नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम चालू हवे. चॅट जागच्या जागी राहतात, ग्रुपही राहतात.

आता फोन बदला. दोन्ही फोन चार्जिंगला लावून एकाच वायफायवर ठेवा. अँड्रॉइडवर Move to iOS हे अ‍ॅप घ्या. आयफोन पहिल्यांदा सुरू करताना अँड्रॉइडवरून डेटा आणण्याचा पर्याय येतो, तो निवडा. आयफोनवर दिसणारा कोड अँड्रॉइडवर टाका आणि यादीतून WhatsApp निवडा. डेटा तयार झाला की जुन्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट होते, घाबरू नका. नंतर आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप घेऊन त्याच नव्या नंबराने लॉगिन करा आणि Start दाबा.

इथे एक अडचण येते. आयफोन आधीच सेट करून वापरायला घेतला असेल तर हा पर्याय दिसत नाही. मग तो फॅक्टरी रीसेट करूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. केलेल्या कॉलची यादी मात्र या मार्गाने येत नाही.

उलट, आयफोनवरून अँड्रॉइडवरही चॅट नेता येतात. नंबराचा क्रम तिथेही हाच.

काम झाले हे कसे ओळखायचे? फक्त चॅटची यादी पाहू नका. सर्वात जुनी चॅट उघडा, वर सरकवत जा आणि एखादा व्हॉइस मेसेज वाजवून पाहा. आपांनी अम्मीचा मेसेज आयफोनवर पूर्ण ऐकला, तेव्हा कुठे जुना फोन रीसेट केला. तुम्हीही तोपर्यंत जुना फोन कुणाला देऊ नका, त्यातल्या चॅट पुसू नका.