आरोग्यविमा, परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा (नागपूर)

नागपूर व विदर्भातून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विम्यात सर्वांत अवघड ठरणारे कलम म्हणजे 'आधीपासूनचा आजार'. येथे त्याचा विचार सिकलसेलच्या संदर्भात केला आहे. विदर्भातील हा आजार 1950च्या दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी वैद्यकीय साहित्यात नोंदवला. अनुसूचित जाती-जमातींत त्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि याच समाजांतील अनेक विद्यार्थी आज सरकारी शिष्यवृत्तीवर बाहेर जातात. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत विम्याचा हप्ता मिळतो. मात्र त्या विम्यात काय बसत नाही, हे विद्यार्थ्यालाच पाहावे लागते.

ऑस्ट्रेलिया : शिक्षणाच्या संपूर्ण काळासाठी विमा ही व्हिसाची अट आहे. विमा सुरू होण्यापूर्वीच्या 6 महिन्यांत आजाराची लक्षणे होती असे विमा कंपनीने नेमलेल्या डॉक्टरचे मत पडले, तर त्या आजाराच्या उपचाराला 12 महिने थांबावे लागते. रुग्णाला (एसएस) हे कलम लागते. लक्षणे नसलेल्या वाहकाला (एएस) सहसा लागत नाही. म्हणून निघण्यापूर्वी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल सोबत ठेवावा. केवळ 'सिकलसेल पॉझिटिव्ह' एवढाच शेरा असलेल्या कागदावरून दोहोंतला फरक कळत नाही.

समजा, पूर्वीपासून खुब्याचे दुखणे असलेला सिकलसेलचा रुग्ण जुलैत तेथे उतरला. जानेवारीत असह्य वेदनांचा झटका येऊन त्याला तातडीने दाखल करावे लागले, तर प्रतीक्षाकाळ आड येत नाही. त्याच जानेवारीत खुब्याची शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल, तर पुढच्या जुलैपर्यंतचा खर्च त्याचा स्वतःचा. औषधांचे कलमही तोकडे आहे. प्रत्येक औषधामागे ठराविक रक्कम स्वतः भरल्यावर विमा 50 डॉलरपर्यंत देतो, आणि एकट्या विद्यार्थ्यास वर्षाला 300 डॉलरपर्यंतच. हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावे लागते, त्यामुळे ही मर्यादा आधीच हिशेबात धरावी. दात, चष्मा व फिजिओथेरपी मूळ योजनेत नाहीत.

ब्रिटन : 6 महिन्यांहून अधिक काळच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड आरोग्य-अधिभार भरावा लागतो (2024पासूनचा दर). तो भरल्यावर तेथील सरकारी आरोग्यसेवा वापरता येते, आणि तिच्यात आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ नाही. सिकलसेलच्या रुग्णासाठी ही व्यवस्था ऑस्ट्रेलियापेक्षा निःसंशय उजवी आहे. दंतोपचाराचे शुल्क वेगळे पडते, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च यात नाही.

जर्मनी : 30 वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा मिळतो, आजारामुळे तो नाकारला जात नाही.

अमेरिका : एफ-1 व्हिसाला केंद्रीय विमा-अट नाही, विद्यापीठाचा नियम चालतो.

नागपुरात येणारे परदेशी विद्यार्थी : भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीधारकास वर्षाला किमान 5 लाख रुपयांचा विमा आवश्यक. भारतीय आरोग्यविम्यात आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ 2024पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे.