प्रशीतकाची गळती आणि पुनर्भरण

प्रशीतकाचे पुनर्भरण म्हणजे वातानुकूलन यंत्रात कमी झालेले प्रशीतक पुन्हा भरणे होय. बोलीभाषेत यास 'गॅस भरणे' असे म्हणतात. घरगुती स्प्लिट एसीमध्ये हे काम जाळी धुण्यासारख्या नियमित देखभालीचा भाग नाही. प्रशीतक बंद परिपथात फिरत राहते. इंधनाप्रमाणे ते जळत किंवा वापराने संपत नाही. त्यामुळे ते कमी आढळल्यास परिपथात कोठेतरी गळती असते किंवा यंत्र बसवतानाच ते कमी पडलेले असते. मोटारीच्या एसीची स्थिती काहीशी वेगळी आहे. तेथे रबरी नळ्या व फिरत्या दांड्याभोवतीचे सील यांतून प्रशीतक वर्षानुवर्षे अल्प प्रमाणात झिरपते.

## गळतीचा शीतकरणावर परिणाम

घरातील युनिटच्या कॉइलमध्ये द्रव प्रशीतक उकळते आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतील हवेतून घेते. हे उत्कलन साधारणतः ५ ते १० °से. तापमानास होते. प्रशीतक कमी झाले की कॉइलमधील दाब घटतो आणि त्याबरोबर उत्कलनाचे तापमानही खाली येते. थोडेसेच द्रव उरल्याने ते कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच उकळून संपते. हा भाग शून्याखाली जाऊन त्यावर बर्फ धरतो, तर उरलेली कॉइल जवळजवळ निरुपयोगी राहते. म्हणूनच बर्फ दिसणे हे जास्त थंडाव्याचे नव्हे, तर बिघाडाचे लक्षण आहे.

काँप्रेसरची मोटार परत येणाऱ्या थंड वायूमुळे थंड राहते. हा वायू कमी व गरम येऊ लागल्यास काँप्रेसर तापतो आणि संरक्षक स्विचमुळे वारंवार बंद पडतो. इन्व्हर्टर एसीमध्ये काँप्रेसर वेग वाढवून सुरुवातीची तूट भरून काढतो. त्यामुळे गळती काही काळ लक्षात येत नाही, मात्र विजेचा वापर वाढतो.

## निदान

जाळी किंवा कॉइल धुळीने भरल्यासही थंडावा कमी होतो व बर्फ धरतो. त्या स्थितीत हवेचा झोत मंदावलेला असतो आणि बर्फ बहुधा कॉइलवर सर्वत्र पसरतो. गळती असल्यास झोत चांगला असूनही हवा पुरेशी थंड नसते, बर्फ बारीक नळीवर व कॉइलच्या एका टोकास दिसतो आणि एरवी थंड व ओलसर असणारी जाड नळी कोमट व कोरडी लागते. प्रशीतकासोबत काँप्रेसरचे तेलही बाहेर येत असल्याने गळतीच्या जागी तेलकट डाग आढळतो. फ्लेअर नटचे जोड, सर्व्हिस व्हॉल्व्ह, कंपनाने एकमेकांवर घासणाऱ्या नळ्या आणि गंजलेली कॉइल या गळतीच्या नेहमीच्या जागा होत. समुद्रकिनारी खाऱ्या हवेमुळे बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर गंजते.

बंद यंत्राच्या केवळ दाबावरून प्रशीतकाचे प्रमाण कळत नाही. परिपथात द्रव व वायू दोन्ही असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, वजनावर नाही. चालू यंत्रातील दाबही खोलीच्या व बाहेरच्या तापमानानुसार बदलतो.

## दुरुस्ती

दुरुस्तीत उरलेले प्रशीतक सिलिंडरमध्ये काढून घेतात आणि परिपथात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधतात. यासाठी ऑक्सिजन वापरल्यास तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. जोड दुरुस्त केल्यावर नायट्रोजनचा दाब टिकतो का हे पाहतात. नंतर निर्वात पंपाने हवा व बाष्प काढतात आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतके प्रशीतक काट्यावर मोजून भरतात. नळी प्रमाणित लांबीपेक्षा जास्त असल्यास उत्पादकाने सांगितलेली भर त्यात घालतात. अंदाजाने जास्त भरल्यास बाहेरच्या युनिटमधील दाब वाढतो आणि काँप्रेसरमध्ये द्रव शिरून तो निकामी होऊ शकतो.

## उदाहरण

समजा, एका यंत्राच्या पट्टीवर आर-३२ प्रशीतकाचे वजन ८०० ग्रॅम दिले आहे. एप्रिलमध्ये २०० ग्रॅमची तूट भरल्यावर ते पूर्ववत चालले, पण जूनमध्ये तेवढीच तूट पुन्हा आढळली. म्हणजे गळतीचा वेग महिन्याला सुमारे १०० ग्रॅम आहे आणि पुढचे पुनर्भरणही सुमारे दोन महिनेच पुरेल. असे तीनदा भरल्यास ६०० ग्रॅम प्रशीतक हवेत जाते. आर-३२चा जागतिक तापमानवाढ निर्देशांक शंभर वर्षांच्या कालावधीसाठी ६७५ धरला, तर याचा परिणाम सुमारे ४०५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका होतो. आर-३२ सौम्य ज्वलनशीलही आहे. त्यामुळे बंद खोलीतील मोठी गळती धोकादायक ठरू शकते.

गळती अतिशय सूक्ष्म असल्यास आणि अनेक वर्षांनी एकदाच तूट दिसल्यास ती शोधणे कठीण असते. अशा वेळी भरलेले वजन व दिनांक नोंदवून ठेवल्यास पुढील तपासणीत गळतीचा वेग काढता येतो.