इर्शाळवाडी : 228 मधून वजा होत गेलेला आकडा

17 ते 19 जुलै 2023, तीन दिवस

रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या चौक ग्रामपंचायतीत इर्शाळगडाच्या उतारावर ठाकर आदिवासींची वाडी होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने तास-दीड तासाची चढण. या तीन दिवसांत तिथे मिळून 499 मिलिमीटर पाऊस पडला. मराठवाड्यातल्या वाचकासाठी सांगायचं, तर आपल्याकडे चांगल्या वर्षी अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, त्यामुळे घरं रिकामी करायला कुणी सांगितलं नव्हतं.

19 जुलै, रात्री साडेदहा ते अकरा

वाडी झोपलेली. शाळेत थांबलेल्या काही मुलांनी आवाज ऐकला, बाहेर येऊन पाहिलं आणि खाली निरोप धाडला. दरड नेमकी किती वाजून किती मिनिटांनी आली हे कुणी सांगू शकलं नाही, म्हणून सगळ्या बातम्यांत ‘साडेदहा ते अकराच्या दरम्यान’ असंच राहिलं. तेच योग्य होतं.

छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही डेस्कवर ही वेळ अडचणीची. हिंगोली-नांदेडकडे जाणारी डाक आवृत्ती सुटण्याच्या बेतात असते, शहर आवृत्तीला अवकाश असतो. अशा वेळी हातात येते ती फक्त ‘दरड कोसळली, अनेक अडकल्याची भीती’ एवढी ओळ. तिला आकडा जोडायचा मोह आवरावा लागतो. ‘अनेक’ हा शब्द उपसंपादकाला आळशी वाटतो, पण पहिल्या दोन तासांत तोच खरा असतो.

20 जुलै, पहाटे ते दुपार

एनडीआरएफची माणसं, गिर्यारोहक आणि आसपासच्या वाड्यांतले तरुण अंधारात आणि पावसात चढले. जेसीबी वर जाऊ शकत नव्हता. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. माती हाताने, कुदळ-फावड्याने उपसायची होती. चढतानाच बचाव पथकातल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. हा मृत्यू दुर्घटनेतलाच, पण वाडीच्या यादीतला नव्हे. कुठल्या बातमीत तो धरला आणि कुठल्या बातमीत सोडला, हे पाहिल्याशिवाय दोन आकड्यांमधला एकचा फरक उलगडत नाही.

पहाटे मृतांचा आकडा 4 होता. दुपारपर्यंत 10 झाला.

त्याच वेळी पायथ्याशी उभे असलेले नातेवाईक शंभराहून अधिक माणसं आत असल्याचं सांगत होते. टीव्हीवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले की पाहणाऱ्याला वाटतं, सरकार लपवतंय किंवा गावकरी वाढवून सांगताहेत. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. तहसीलदार ‘किती मृतदेह हाती आले’ याचं उत्तर देतो. गावकरी ‘किती जण बाहेर आले नाहीत’ याचं देतो. तहसीलदाराच्या आकड्याला मृतदेह, ओळख आणि पंचनामा लागतो, कारण त्यावरच वारसांना मदत मंजूर होते. गावकरी घरं मोजतो: या घरात आठ, त्या घरात पाच, पलीकडच्या घरातली सून माहेरी.

एरवी बातमीदार सरकारी आकडा शवागारात जाऊन पडताळतो. नोंदवही पाहतो, दाराशी बसलेल्या नातेवाइकांशी बोलतो. इथे तो आधारही नव्हता. मृतदेह खाली आणणं इतकं अवघड होतं, की अंत्यसंस्कार वरच करावे लागले.

20 जुलै, संध्याकाळ

आकडा 16. अंधार, पाऊस आणि पुन्हा दरड येण्याची भीती, म्हणून काम थांबवलं गेलं. रात्रभर आकडा हलला नाही. हलणार नव्हताच, कारण कुणी खणत नव्हतं. सकाळच्या पेपरात नुसतं ‘16 मृत्यू’ छापलं तर वाचक समजतो की मोजणी संपत आली. ‘शोध थांबेपर्यंत 16 मृतदेह सापडले’ असं छापलं तर त्याला उरलेल्या ढिगाऱ्याची कल्पना येते. मथळ्यात तीन शब्द जास्त जातात. जाऊ द्यावेत.

विधानमंडळाचं अधिवेशन सुरू होतं, आणि तिथे सरकारने वाडीची लोकसंख्या 228 सांगितली. या दिवसातला सर्वांत कामाचा आकडा हाच. याच्या आधी ‘अडकलेले’ हा अंदाज होता. आता तो वजाबाकीवर आला.

21 आणि 22 जुलै

मृतदेह 22 झाले, मग 27. बेपत्तांची संख्या 78च्या आसपास आली. म्हणजे 228 मधून 27 आणि 78 गेले, तर उरतात सव्वाशेच्या आत-बाहेर, ज्यांचा ठावठिकाणा लागला होता.

ही वजाबाकी करताना एक प्रश्न विचारावाच लागतो: 228 कुठल्या यादीतले? मतदार यादीत लहान मुलं नसतात. रेशन कार्डावर लग्न होऊन गेलेली मुलगी अनेकदा तशीच राहते. आश्रमशाळेत राहणारा मुलगा, मजुरीला बाहेर गेलेला बाप हे यादीत असतात, पण त्या रात्री घरात नसतात. उलट मुक्कामाला आलेला पाहुणा घरात असतो आणि यादीत नसतो. शिवाय कागदावर एक नाव, वाडीत हाक मारायचं दुसरं. एकच माणूस दोन बेपत्ता होऊ शकतो.

म्हणून शेवटची मोजणी कागदावर होत नाही. वाचलेल्यांपैकी जाणत्याला घेऊन बसायचं आणि घरागणिक विचारायचं: त्या रात्री जेवायला कोण कोण होतं?

23 जुलै

पालकमंत्री उदय सामंत यांनी शोधकार्य थांबवल्याचं जाहीर केलं. मृतदेह 27, बेपत्ता 57, हयात 144. बेरीज 228.

इथे थांबून पाहावं. आदल्या दिवशी बेपत्ता 78च्या घरात, आता 57. पण मृतदेह 27चे 27च. सुमारे वीस माणसं बेपत्तांतून गेली ती ढिगाऱ्यातून निघाली नाहीत. ती जिवंत होती आणि त्यांचा ठावठिकाणा लागला, एवढंच. ज्यांनी आधी ‘शंभरहून अधिक ठार’ छापून टाकलं होतं, त्यांना हा फरक वाचकाला समजावणं जड गेलं. ज्यांनी ‘बेपत्ता’ शब्द सोडला नव्हता, त्यांना गेलं नाही.

यावरून गावकऱ्यांचा आकडा नेहमी फुगलेला असतो असा निष्कर्ष कुणी काढू नये. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं, तेव्हा पहिल्या दिवशीचा मृतदेहांचा आकडा लहान होता आणि दीडशेच्या वर माणसं आत असल्याची भीती होती. शेवटी 151 मृत्यू नोंदले गेले. माळीणला रस्ता होता, यंत्रं पोचली, ढिगारा उपसता आला. इर्शाळवाडीत ते शक्य झालं नाही.

म्हणून आज इर्शाळवाडीचे 84 मृत्यू असं लिहिलं जातं तेव्हा ती दोन वेगळ्या रकान्यांची बेरीज असते. 27 जणांचे देह हाती आले. 57 जणांचे आले नाहीत. भारतीय पुरावा कायद्याच्या तेव्हा लागू असलेल्या कलम 108 प्रमाणे बेपत्ता माणूस मृत मानायला सात वर्षं वाट पाहावी लागते. आपत्तीत गेलेल्यांच्या वारसांना तेवढं थांबायला लावता येत नाही, म्हणून या 57 जणांना मृत ठरवण्याचा वेगळा मार्ग सरकारला काढावा लागला. दरवर्षी 19 जुलैला स्मरणाची बातमी लागते, तेव्हा काही ठिकाणी 27 येतात आणि काही ठिकाणी 84.