टेबलाला चतुर्थी कशाला?

माझी पुतणी नावड्याला राहते. नर्सिंगचा अभ्यासक्रम संपवून ती आता जर्मन शिकते आहे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून पनवेल-तळोज्याच्या पट्ट्यातही जर्मनची पुस्तके घराघरांत दिसू लागली आहेत. गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडी होती आणि वहीत दोन वाक्ये एकाखाली एक लिहिलेली. कप टेबलावर ठेवते : आउफ डेन टिश. कप टेबलावर आहे : आउफ डेम टिश. 'डेन'च्या न्‌खाली आणि 'डेम'च्या म्‌खाली तिने लाल रेघ ओढली होती.

"काका, नियम पाठ आहे," ती म्हणाली. "कुठे जाते ते सांगायचं तर अकुझाटिव्ह, कुठे आहे ते सांगायचं तर डाटिव्ह. पण डाटिव्ह म्हणजे चतुर्थी ना? टेबलाला कोणी काही देत नाही. मग टेबलाला चतुर्थी कशाला?"

प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याने मला आठवडाभर सोडले नाही.

आधी नावांचेच पाहू. डाटिव्ह हे लॅटिन 'दातिवुस'चे रूप, म्हणजे देण्याची विभक्ती. त्यातला 'दा' आपल्या ददाति, दान, दाता यांच्यातलाच. अकुझाटिव्हची कथा अधिक गंमतीची आहे. ग्रीक वैयाकरणांनी या विभक्तीला 'ऐतियातिके' म्हटले होते, आणि त्यांच्या मनात क्रियेने घडवलेली वस्तू असा अर्थ असावा. पण त्या ग्रीक शब्दाच्या कुळात 'आरोप' हाही अर्थ होता. रोमनांनी नेमका तोच उचलला आणि कर्माच्या विभक्तीचे नाव पडले आरोपाची विभक्ती. शाळेतली जर्मन मुले हा घोळ टाळतात. ती प्रश्नावरून नाव देतात : वेन-फाल, म्हणजे 'कोणाला'ची विभक्ती, आणि वेम-फाल. आपल्या वैयाकरणांनी तर अर्थाची भानगडच ठेवली नाही. प्रथमा, द्वितीया, तृतीया असे नुसते आकडे घातले. आकड्याला अर्थ चिकटत नसल्याने तो चुकतही नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हाही हीच चौकट मराठीवर बसवली गेली.

म्हणजे पुतणीची अडचण खरे तर भाषांतराची. डाटिव्ह म्हणजे चतुर्थी हे समीकरण अर्धेच खरे आहे. संस्कृतात 'कुठे'चे उत्तर सप्तमी देते : ग्रामे वसति. 'कुठे जातो'चे उत्तर द्वितीया देते : ग्रामं गच्छति. चतुर्थी या व्यवहारात येते ती जाण्याच्या बाजूने. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायातले एक सूत्र (2.3.12) सांगते, की खरोखर पाय उचलून जायचे असेल तर गन्तव्याला द्वितीया किंवा चतुर्थी, दोन्ही चालतात : ग्रामं गच्छति, ग्रामाय गच्छति. मात्र मनाने कुठे गेलात, तर ही सवलत नाही. वाटच कर्म असेल, तरीही नाही. थोडक्यात, चतुर्थीचे तोंड प्रवासाकडे आहे, मुक्कामाकडे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 या काळात संस्कृत शिकवणाऱ्या जर्मन पंडित कीलहॉर्नच्या कानात 'डेम' जन्मापासूनचा आणि 'ग्रामाय' कमावलेला होता. त्या दोन चतुर्थी एकमेकींशी पटत नाहीत हे त्याला पावलोपावली जाणवत असले पाहिजे.

मग जर्मनचा डाटिव्ह स्थळावर आला कुठून? उत्तर असे दिसते, की तो चतुर्थी असला, तरी नुसती चतुर्थी नाही. संस्कृत आणि जर्मनच्या समाईक मूळ भाषेत आठ विभक्त्या होत्या, त्या संस्कृतने बऱ्याच अंशी सांभाळल्या. जर्मन कुळातल्या भाषांनी मात्र शब्दांचे शेवट झिजवले, आणि चतुर्थी, सप्तमी, तृतीया, पंचमी ही चार घरे हळूहळू एका छपराखाली आली. छपरावर पाटी राहिली चतुर्थीची. 'आउफ डेम टिश'मध्ये टेबलाला कोणी काही देत नाही. तिथे त्या पाटीमागची सप्तमी बोलते आहे.

आता उपपदांकडे वळू, कारण बदल दिसतो तो तिथेच. जर्मन नामाचे अंग बहुधा हलत नाही. टिश दोन्हीकडे टिशच राहतो आणि विभक्तीचे सगळे ओझे त्याच्या आधीच्या छोट्या शब्दावर पडते. हा छोटा शब्द म्हणजे मुळात दर्शक सर्वनाम, आपले 'तद्'. नपुंसकाचे 'डास' आणि संस्कृत 'तद्' हे एकच. मधला ध्वनिबदल पाहायचा, तर इंग्रजी 'दॅट' त्यांच्या मध्ये उभा आहे. 'डेन' म्हणजे 'तम्'. चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात हेच रूप 'थाना' असे येते. शेवटच्या म्‌चा न् होणे ही त्या कुळाची सवय.

पण 'डेम'मध्ये तर म् आहे! तो का टिकला? इथेच मला सर्वांत जास्त आनंद झाला. हा म् तो म् नव्हेच. गॉथिकमध्ये या जागी 'थाम्मा' आहे, जोड म्‌सह. त्या जोडाचे मूळ 'स्म' : तस्मै, तस्मात्, तस्मिन् यांतला. या तिघांपैकी नेमक्या कोणत्या रूपातून 'थाम्मा' निघाले यावर पंडितांत एकमत नाही, पण 'स्म' तोच. म्हणजे पुतणीने लाल रेघ ओढलेल्या दोन अक्षरांचे पूर्वज पाहा : डेनमधला न् हा पूर्वी म् होता, आणि डेममधला म् हा पूर्वी स्म होता. स्त्रीलिंगी डाटिव्हमध्ये 'डी' बदलून 'डेर' होते, तेव्हा विद्यार्थी हमखास दचकतो. पुल्लिंगी प्रथमेचा डेर इथे कसा आला, असे त्याला वाटते. तोही वेगळाच डेर आहे. गॉथिक 'थिझाइ', संस्कृत 'तस्यै'. त्या स्‌चा आधी झ् आणि मग र् झाला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द आज एकाच रूपात दिसतात, इतकेच.

हे सगळे ऐकून पुतणीने विचारले, "मग मराठीत का नाही असं? टेबलावर ठेवते, टेबलावर आहे. 'वर' दोन्हीकडे तोच."

याचे उत्तर 'टेबला' या रूपात असावे. मराठीत शब्दयोगी अव्यय लागण्याआधी नाम सामान्यरूप घेते : टेबलचे टेबला, नावडेचे नावड्या. हे सामान्यरूप जुन्या षष्ठीचा अवशेष आहे, असे बहुतेक भाषाशास्त्री मानतात. 'वर' आला 'उपरि'पासून, आणि संस्कृतात उपरि मागते षष्ठी : वृक्षस्य उपरि. 'झाडावर'ची रचना म्हणजे झिजलेली 'वृक्षस्य उपरि'चीच रचना. षष्ठी ही संबंधाची विभक्ती. पक्षी झाडावर बसला आहे की येऊन बसतो आहे, याच्याशी तिला देणेघेणे नाही. म्हणून मराठीने हा भेद नामावरून काढून सगळा क्रियापदावर टाकला. जुनी सप्तमी आपल्याकडे अगदीच नाहीशी झाली असे मात्र नाही. घरी, दारी, रानी यांतली ई ही अपभ्रंशातल्या 'हिं'पासून आली असावी, आणि त्या 'हिं'ची वाट पुन्हा 'स्मिन्'कडेच जाते. म्हणजे आपल्या 'घरी'तली ई आणि जर्मन 'डेम'मधला म् हे दूरचे भाऊबंद ठरतात. फरक एवढाच, की आपण घरी असतोही आणि घरी जातोही.

याचमुळे मराठी विद्यार्थ्याची एक चूक ठरलेली. तो नियम असा पाठ करतो : हालचाल असेल तर अकुझाटिव्ह. हे चुकीचे आहे. नावडे रोड स्थानकावरची गाडीच घेऊ. गाडी स्थानकात शिरते : इन डेन बानहोफ. गाडी स्थानकात उभी आहे : इम बानहोफ, म्हणजे 'इन डेम'चे आकुंचन. इथवर सरळ. आता एखादा प्रवासी डबा शोधत स्थानकातल्या स्थानकात धावतो आहे. हालचाल भरपूर, तरीही 'इम बानहोफ'च, कारण त्याने सीमा ओलांडलेली नाही. धावण्याच्या आधी तो स्थानकात होता आणि धावतानाही स्थानकातच आहे. आणि गाडी स्थानकावर 'पोहोचते' म्हणायचे झाले, तर जर्मन माणूस 'आम बानहोफ' म्हणतो, तोही डेमच. पोहोचणे या क्रियेत त्याला प्रवास दिसत नाही, प्रवासाचा शेवट दिसतो. मराठी कानाला हे सर्वांत अवघड जाते. तेव्हा विचारायचा प्रश्न 'हलते का' हा नव्हे. 'आधी तिथे नव्हते आणि आता तिथे येते आहे का' हा.

तिला मी आणखी एक खूण दिली. जर्मनमध्ये जोडीची क्रियापदे आहेत : झित्सेन आणि झेत्सेन, लीगेन आणि लेगेन. यांतले दुसरे हे पहिल्याचे प्रयोजक. झित्सेन म्हणजे सीदति, झेत्सेन म्हणजे सादयति. मराठीत बसणे आणि बसवणे. बसवणे आले की डेन, बसणे आले की डेम. तिने वहीत लगेच 'बसवते - डेन, बसते - डेम' असे लिहून घेतले. मात्र ही खूण जागेपुरतीच. एखाद्याची वाट पाहणे किंवा एखाद्या विषयावर बोलणे अशा प्रयोगांत जागाच नसते, तिथे 'आउफ' आणि 'ऊबर' सवयीने अकुझाटिव्ह घेतात. ते क्रियापदाबरोबर पाठच करावे लागते.

'ऊबर' म्हणजे आपला उपरि, अर्थात 'वर'चा सख्खा भाऊ. 'उंटर'मध्ये दोन शब्द एक झाले आहेत. 'खाली' या अर्थाचा उंटर 'अधर'चा नातलग आहे, तर 'आपसांत' या अर्थाचा 'अंतर्'चा, म्हणजे आपल्या 'आत'चा. अकुझाटिव्ह आणि डाटिव्ह दोन्ही घेणाऱ्या नऊ अव्ययांच्या यादीतले मला सर्वांत आवडते ते 'त्स्विशेन', मध्ये. त्याच्या पोटात 'दोन' आहे, आपला 'द्वि'. त्याच्या आधी 'इन' जोडले की 'इनत्स्विशेन' होते, आणि त्याचा अर्थ स्थळाकडून काळाकडे सरकतो : तेवढ्यात, दरम्यान.

आणि 'दरम्यान' तरी काय आहे? फारसी 'दर' अधिक 'मियान'. दर हे जुन्या 'अंदर'चे आखूड झालेले रूप, म्हणजे अंतर्. मियानच्या मुळाशी मध्य. शब्द शब्दशः 'मध्यात', आणि मराठीत तोही पनवेल आणि दिवा यांच्या दरम्यान असा स्थळाला लागतो, तसाच काळालाही. पुतणीने तो शेवटच्या पानावर 'त्स्विशेन'शेजारी लिहिला आणि त्याच्यापुढे कंसात दोन्ही उपपदे : डेन, डेम.