वाहता कान (चिरकारी पूयुक्त मध्यकर्णशोथ)

कानाच्या पडद्याला पडलेले छिद्र न भरता तसेच राहून त्यातून मध्यकर्णातला पू किंवा शेंबडासारखा स्राव वारंवार अथवा सतत बाहेर येणे, असा हा विकार आहे. बोलीभाषेत याला कान फुटणे, कान वाहणे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणाऱ्या कानाला चिरकारी मानते. अनेक कान-नाक-घसा तज्ज्ञ ही मर्यादा सहा आठवडे ते तीन महिने धरतात. संघटनेच्या 2004 च्या अहवालात जगभरात साडेसहा कोटी ते 33 कोटी लोकांचे कान वाहत असल्याचा आणि त्यांतील सुमारे 60 टक्के लोकांना ऐकण्यात लक्षणीय अडचण असल्याचा अंदाज दिला आहे. विकाराचे दोन प्रकार आहेत. पडद्याच्या ताणलेल्या मुख्य भागातले छिद्र आणि त्यातून येणारा पातळ, फारसा वास नसलेला स्राव हा त्यांतला अधिक आढळणारा आणि तुलनेने कमी धोक्याचा प्रकार. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

छिद्र पडते ते बहुधा लहानपणी. मध्यकर्ण आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणारी नलिका मुलांमध्ये आखूड व जवळजवळ आडवी असते. सर्दीतला संसर्ग तिच्यातून वर चढतो, मध्यकर्णात पू साठतो आणि त्याच्या दाबाने पडदा फाटतो. रात्रभर कळवळणारे मूल पहाटे एकाएकी शांत होते, उशीवर पिवळा डाग दिसतो. असे छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बुजते. पडदा जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचा असला तरी त्याला तीन थर असतात: बाहेर त्वचा, मध्ये तंतूंचा थर, आत मध्यकर्णाचे अस्तर. संसर्ग लांबला तर छिद्राच्या कडेवर बाहेरची त्वचा आतल्या अस्तराला जाऊन मिळते आणि कड जणू शिवली जाते. मग मधल्या थराला पुढे वाढायला वाट उरत नाही आणि छिद्र कायम राहते.

धड पडदा ध्वनीची कंपने पुढे पोचवतो, हे सर्वांना माहीत असते. त्याच्या दुसऱ्या कामाकडे सहसा लक्ष जात नाही. पडदा बंद असतो तेव्हा मध्यकर्णातली हवा कोंडलेली असते. नाक जोराने शिंकरले तरी या हवेच्या प्रतिदाबामुळे नाकातला शेंबूड नलिकेतून वर सहज चढत नाही. पडद्याला भोक पडले की ही हवा बाहेर निसटते आणि नाकातली घाण कानात येण्याची वाट मोकळी होते. म्हणूनच अशा कानाचा मालक सर्दी झाली की दोन दिवसांत सांगतो, कान पुन्हा सुरू झाला. दुसरी वाट बाहेरून, कर्णनलिकेतून येते. ती पाण्याची.

मध्यकर्णाचे अस्तर नाकाच्या अस्तरासारखे ओलसर व नाजूक असते. बाहेरच्या पाण्याशी त्याचा कधी संबंध येऊ नये अशीच कानाची रचना आहे. पाणी आत गेले की अस्तर सुजते आणि चिकट स्राव सोडू लागते. तो कर्णनलिकेत उतरतो. निरोगी कर्णनलिका कोरडी आणि मळामुळे किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे तिच्यात जंतू फारसे फोफावत नाहीत. स्रावाने ती सतत भिजली की तिची त्वचा फुगते, आम्लता जाते आणि ओलाव्यावर जगणाऱ्या जंतूंना घर मिळते. यांत मुख्य स्यूडोमोनास एरुजिनोसा. हा जंतू मुळात पाण्यात आणि दमट जागी राहणारा आहे, आणि वाहत्या कानाच्या तपासणीत तो वारंवार सापडतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा दुसरा नेहमीचा. हे जंतू अस्तरावर चिकट थर बांधून राहतात आणि त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही. कर्णनलिकेतले जंतू छिद्रातून आत जातात, आत गेल्याने स्राव वाढतो, स्रावाने कर्णनलिका आणखी भिजते. हे चक्र एकदा फिरू लागले की पहिला संसर्ग केव्हाच संपला असला तरी कान वाहत राहतो.

सगळे पाणी सारखेच घातक नसते. लहान छिद्रातून साधे पाणी सहज जात नाही, कारण पृष्ठताणामुळे ते छिद्राच्या तोंडाशीच अडते. साबण किंवा शांपू मिसळला की पृष्ठताण कमी होतो आणि तेच पाणी आरामात आत शिरते. म्हणून डोक्यावरून घेतलेली रोजची आंघोळ ही पोहण्याइतकीच, कित्येकदा जास्त, जबाबदार असते. पोहण्यातही डोके वर ठेवून पोहणे आणि विहिरीत सूर मारणे यांत मोठा फरक आहे: खोलीबरोबर दाब वाढतो आणि पाणी छिद्रातून आत ढकलले जाते. विहिरीचे थंड पाणी मध्यकर्णात गेले तर जवळच असलेल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेवर परिणाम होऊन एकदम गरगरते. पाण्याखाली वर-खाली कळेनासे होणे जिवावर बेतू शकते. कानाला छिद्र असलेल्या मुलाला बुडी मारू न देण्याचे हे कारण पू येण्याहूनही मोठे आहे, आणि ते पालकांना क्वचितच सांगितले जाते.

दुर्लक्षाचे स्वरूप एका नमुनेदार उदाहरणातून स्पष्ट होईल. नऊ-दहा वर्षांचा खेड्यातला मुलगा. तिसऱ्या वर्षी गोवराच्या आजारानंतर उजवा कान फुटलेला. उन्हाळ्यात विहिरीत पोहणे सुरू होते आणि आठवडाभरात कान वाहू लागतो. दुखत मात्र नाही. छिद्रामुळे आत दाब साठत नाही, म्हणून चिरकारी प्रकारात वेदना नसते आणि घरच्यांना घाईही वाटत नाही. थेंब आणले जातात. पुवाने भरलेल्या कानातच ते टाकले जातात, त्यामुळे बरेचसे औषध पुवावर तरंगून बाहेर येते. तरीही पाच-सहा दिवसांत स्राव थांबतो आणि बाटली फडताळात जाते. शाळा सुरू होते, पावसात भिजणे होते, रविवारी डोक्याला तेल लावून कढत पाण्याने न्हाणे होते. कान पुन्हा वाहतो. मुलगा आता त्यात कापसाचा बोळा घालून शाळेत जातो. बोळा ओला होतो, संध्याकाळपर्यंत तसाच राहतो आणि कोंडलेल्या ओलाव्यात जंतू वाढतात. बोळ्याने पू झाकला जातो, थांबत नाही.

या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कान वाहत असताना त्याला बरे ऐकू येते आणि औषधाने कान कोरडा झाला की कमी. घरात बोलले जाते, "औषधाने कानच गेला." अनुभव खरा आहे, अर्थ चुकीचा. अंतर्कर्णाला दोन खिडक्या असतात, एक लांबट व एक गोल. पडद्याला मोठे छिद्र असले की ध्वनी दोन्हींवर जवळजवळ एकाच वेळी आदळतो आणि दोन्ही परिणाम काही अंशी एकमेकांना छेदतात. पुवाचा थर गोल खिडकी झाकतो तेव्हा हा छेद कमी होतो. कोरड्या कानात ऐकू येते ती छिद्राने झालेली खरी हानी. हे समजावून सांगितले नाही तर उपचार इथेच सोडला जातो.

घरगुती उपायांत कोमट तेल, लसूण घालून कढवलेले तेल आणि पाल्याचा रस अजून चालतात. तेलाने कान कोरडा होत नाही; उलट तेल आणि ओलावा मिळून बुरशीला पोषक जागा तयार होते. मग कानाला असह्य खाज सुटते आणि आत ओल्या कागदासारखा पांढुरका थर व त्यावर काळे ठिपके दिसतात. प्रतिजैविक व स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने आपल्याच मनाने टाकल्यानेही हेच होते.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे कान कोरडा करणे. औषध त्यानंतर. स्वच्छ, शोषून घेणाऱ्या कपड्याची किंवा मऊ पण न फाटणाऱ्या टिशू कागदाची वात वळून कानात ठेवावी, भिजली की काढून नवी घालावी आणि वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करावे. काडी, हेअरपिन किंवा कडक टोकाचे काही वापरू नये. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे क्विनोलोन गटाचे थेंब टाकून तो कान वर करून काही मिनिटे पडून राहावे आणि कानाच्या तोंडापुढची कूर्चा बोटाने हलकेच दाबत राहावी, म्हणजे औषध छिद्रातून आत उतरते. हे दिवसातून तीनदा, दोन आठवडे. स्राव आधी थांबला तरी मध्येच सोडू नये. या विकारात नुसत्या तोंडी प्रतिजैविकांपेक्षा क्विनोलोन थेंब अधिक परिणामकारक ठरले आहेत. जेंटामायसिनसारखे थेंब छिद्रातून अंतर्कर्णापर्यंत पोचून श्रवणाला इजा करू शकतात, म्हणून दुकानातून सांगून आणलेली बाटली वापरू नये. आंघोळीच्या वेळी मात्र कापूस उपयोगी पडतो: बोळ्याच्या बाहेरच्या बाजूला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवावा आणि अंग पुसताच काढून टाकावा.

एवढे करूनही कान थांबला नाही तर सूक्ष्मदर्शकाखाली पू शोषून काढणे, जंतूंची तपासणी करणे, मुलांमध्ये नाकामागची वाढलेली ग्रंथी पाहणे ही पुढची पायरी. भारतात क्षयाचाही विचार करावा लागतो. न दुखता, औषधांना दाद न देता वाहणारा आणि झपाट्याने ऐकू येणे कमी होत गेलेला कान हे त्याचे लक्षण असू शकते. स्राव थोडा पण अतिशय दुर्गंधीचा, रक्तमिश्रित असेल तर दुसरा, धोक्याचा प्रकार संभवतो. त्यात पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या भागातून त्वचेची गाठ आत वाढून हाड खात जाते. थेंबांनी ती बरी होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. कानामागे सूज, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा तापासह गुंगी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला असू शकतो.

साध्या प्रकारात कान कोरडा झाला तरी छिद्र राहतेच, आणि पाण्याची वाट उघडीच राहते. ती बंद करण्याची शस्त्रक्रिया 1950 च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन व झोल्नर यांनी रुळवली. आज बहुधा कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून, छिद्राची जुनी कड खरवडून, त्याखाली ते अस्तरासारखे बसवतात. कड खरवडण्याला महत्त्व आहे, कारण त्वचा आणि अस्तर यांचा जुना सांधा मोडल्याशिवाय नवे ऊतक धरत नाही. लांबलेल्या संसर्गात तीन सूक्ष्म हाडांपैकी मधले हाड झिजलेले असेल तर ध्वनीची साखळीही त्याच वेळी जोडता येते. ती तुटलेली असताना श्रवणहानी 60 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. शस्त्रक्रियेआधी कान काही आठवडे कोरडा असावा असे बहुतेक शल्यचिकित्सक पाहतात. नंतर पडदा धरल्याची खात्री होईपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचे नसते, नाक जोराने शिंकरायचे नसते आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे असते.