वचनयोग्य साठा

वचनयोग्य साठा ही साठा-व्यवस्थापनातील एक संकल्पना आहे. इंग्रजीत तिला 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' व संक्षेपाने एटीपी म्हणतात. हाती असलेल्या आणि ठरलेल्या तारखेस तयार होणाऱ्या मालापैकी जो अद्याप कोणत्याही ग्राहकाला कबूल केलेला नाही, तो वचनयोग्य होय. मागणी नोंदवतानाच ही तपासणी केल्यास ग्राहकाला पाळता येईल अशी तारीख सांगता येते. मराठी संज्ञेतील 'साठा' हा शब्द किंचित फसवा आहे, कारण यातील काही माल कोठारात आलेलाही नसतो.

गणनेची रीत

पहिल्या कालखंडासाठी हातातील मालातून पुढील खेप येईपर्यंत द्यावयाच्या मागण्या वजा करतात. त्यानंतर प्रत्येक खेपेतून तिच्या पुढच्या खेपेपर्यंतच्या मागण्या वजा होतात. एखाद्या खेपेची वजाबाकी ऋण आली, तर ती तूट आधीच्या खेपेच्या शिलकीतून भरून काढतात.

उदाहरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे कोकम सरबत करणारा एक लघुउद्योग आहे, असे कल्पू. १ मे रोजी कोठारात ६० खोकी आहेत आणि १४ मेपर्यंत ४० द्यायची आहेत. १५ मे रोजी ८० खोक्यांची खेप तयार होईल. तिच्यावर २८ मेपर्यंतच्या ९५ खोक्यांच्या मागण्या आहेत. २९ मेच्या ५० खोक्यांपैकी १० कबूल झालेली आहेत.

दुसऱ्या खेपेत १५ खोक्यांची तूट आहे. ती पहिल्या खेपेच्या २० च्या शिलकीतून भरल्यावर तेथे केवळ ५ उरतात. तिसऱ्या खेपेत ४० मोकळी आहेत. आता पुण्याचा दुकानदार ३० खोकी मागतो. कोठारातील ६० खोकी पाहून लगेच होकार दिला, तर २८ मेपर्यंत एकूण २५ खोकी कमी पडतील आणि त्याची झळ जुन्या ग्राहकांना बसेल. प्रामाणिक उत्तर असे: ५ खोकी आता व २५ खोकी २९ मे रोजी निघतील, किंवा सर्व ३० एकदम २९ मे रोजी निघतील. वाहतुकीस दोन दिवस लागत असल्यास ग्राहकाला सांगण्याची तारीख ३१ मे ठरते.

मर्यादा

होकार देताच तेवढा माल त्या मागणीच्या नावे राखून ठेवावा लागतो. तसे न केल्यास दूरध्वनीवर व दुकानात बसलेले दोघे तीच खोकी दोघांना कबूल करतात. वचनयोग्य आकडा ऋण दिसू लागला आणि मागची शिल्लकही ती तूट भरू शकत नसेल, तर कबुली जास्त झाली किंवा खेप कमी आली असे समजावे. खेप लांबल्यास तिच्यावर विसंबलेल्या सर्व तारखा पुन्हा काढून ग्राहकांना कळवाव्या लागतात.

मागची शिल्लक पुढे वापरता येते, हे या रीतीचे गृहीतक आहे. सरबताला ते लागू पडते. पिकलेल्या हापूसला मात्र नाही. तेथे प्रत्येक खेपेचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो.